मोडायची वेळ आली तर

काटेवाल्याचं नाव गल्लीत फारसं कुणाला माहीत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. वजनकाटे दुरुस्त करायचे हा त्याचा धंदा. किराणा दुकानांचे मोठे काटे, औषधवाल्यांचे नाजूक काटे आणि सराफांचे त्याहून नाजूक. दोन टेबलांच्या त्याच्या दुकानात मखमलीच्या खोबणीत बसवलेली पितळी वजनं होती आणि ती तो चिमट्यानेच उचलायचा, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन फिरतं असं त्याचं म्हणणं होतं. घरी तो साखरेच्या पुड्याकडेही संशयाने बघायचा. बायकोने त्याला एकदा 'मिलिग्रॅम' म्हटलं होतं आणि त्याने ती स्तुती समजून ठेवून घेतली होती.

जेवताना रोज काट्यांच्या गोष्टी. कुठल्या सराफाकडे काट्यावर पंख्याचा वारा येत होता, कुठे काउंटरची काच मधोमध वाकल्यामुळे काटा तिरका बसत होता, कुठे सहा महिने कुणी काटा तपासूनच घेतला नव्हता. सराफ लबाड असतात असं तो कधीच म्हणाला नाही. काटे बिघडतात, एवढंच त्याचं सांगणं. पण समोर बसून वीस वर्षं हे ऐकणाऱ्या आत्याच्या डोक्यात काय शिरलं असेल, याचा विचार त्याने केला नव्हता.

आत्या त्याच्याकडेच राहायची. सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेली, उंच, कमी बोलणारी बाई. लग्न केलं नव्हतं आणि का केलं नाही हेही तिने कुणाला सांगितलं नव्हतं. फंडाचे पैसे मिळाले त्यातला थोडा भाग घराच्या छताला गेला, उरलेले बँकेत. गुडघे दुखायचे, जिना चढताना ती मध्येच थांबायची. त्या पैशांतून पुढेमागे गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे, असं काटेवाल्याने धरून ठेवलं होतं. तिला त्याने विचारलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी चहा पिताना आत्या म्हणाली, "मी सोन्याच्या दोन बांगड्या घेतेय. मोबाइलवरून."

काटेवाल्याने कप खाली ठेवला. "मोबाइलवरून?"

"हो. सगळे पैसे त्यातच घालतेय."

"अगं, माझ्या ओळखीचे दहा सराफ आहेत. चल, आत्ता जाऊ."

"दहांचे दहा काटे तूच दुरुस्त करतोस ना? काय काय बिघडतं तेही तूच सांगतोस." आत्याने चहाचा घोट घेतला. "इथे काटाच नाही. नुसतं बटण दाबायचं."

बायको ओट्याकडे तोंड करून हसली. काटेवाल्याला हसू आलं नाही. आयुष्यभर ज्या गोष्टी त्याने चवीने सांगितल्या त्याच आता त्याच्या अंगाशी आल्या होत्या. काटा दिसत नाही म्हणजे काटा नसतो असं नाही, तो दुसऱ्याच्या घरी असतो आणि आपल्याला दिसत नाही, एवढंच. हे त्याने तिला दोनदा समजावलं. तिने दोन्ही वेळा मान डोलावली आणि मोबाइल पुढे केला.

मोबाइलवर बांगड्या होत्या. खाली लाल अक्षरांत 'घडणावळ शून्य' आणि त्याखाली उलटं पळणारं घड्याळ, ऑफर संपायला तीन तास दहा मिनिटं.

"घडणावळ शून्य," आत्या म्हणाली. "तुझे दहा सराफ देतात का?"

"देत नाहीत, कारण बांगड्या आपोआप वळत नाहीत," काटेवाला म्हणाला. "कुणीतरी वळतं. त्याची मजुरी कुठूनतरी निघतेच." त्याने पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. त्या दिवसाचा भाव त्याला ठाऊकच होता. दुकानदाराने बांगड्या बावीस कॅरेटच्या म्हणून दाखवल्या होत्या आणि भाव मात्र चोवीस कॅरेटचा लावला होता, त्यावरही थोडं चढवून. शून्य घडणावळ तिथे भावात लपून बसली होती आणि चांगली गलेलठ्ठ झाली होती.

"बरं, असेल," आत्या म्हणाली. "पण सर्टिफिकेट आहे."

सर्टिफिकेट होतं. सोनेरी किनार, गोल शिक्का आणि कोपऱ्यात मोबाइलने वाचायचा चौकोन. काटेवाल्याने तो बायकोच्या मोबाइलने वाचला, तर त्याच दुकानाचं पान उघडलं आणि त्यावर तेच सर्टिफिकेट पुन्हा दिसलं. सर्टिफिकेट देणाऱ्या प्रयोगशाळेचं स्वतःचं पान, जिथे नंबर टाकून खातरजमा करता येते, ते सापडेना. प्रयोगशाळाच सापडेना.

"स्वतःच पेपर लिहिला आणि स्वतःच तपासला," तो म्हणाला. "आणि साध्या सोन्याला असलं सर्टिफिकेट लागतंच कशाला? ते हिऱ्याखड्यांना. सोन्याला हॉलमार्क बघायचा."

"तोही आहे," आत्या शांतपणे म्हणाली.

तिच्या त्या शांतपणाने त्याला जास्त चीड येत होती. ती वाद घालत नव्हती, नुसती पुढची वस्तू पुढे सरकवत होती. बांगडीच्या आतल्या बाजूचा फोटो होता. त्यात हॉलमार्कचं चिन्ह, २२ कॅरेटचा ९१६ हा आकडा आणि शेजारी सहा अक्षरांचा नंबर. काटेवाल्याने फोटो मोठा केला. मग दुसऱ्या बांगडीचा फोटो मोठा केला. मग पुन्हा पहिला.

"दोन्हींवर एकच नंबर आहे," तो म्हणाला.

"जोडी आहे ना. म्हणून असेल."

"जोडी असो नाहीतर डझन असो, प्रत्येक दागिन्याला वेगळा नंबर पडतो. तोच तर त्याचा उपयोग." हॉलमार्क तपासायच्या सरकारी ॲपमध्ये त्याने तो नंबर टाकला. ॲप दोन मिनिटं फिरत राहिलं, मग उत्तर आलं. दागिन्याचा प्रकार: अंगठी. शुद्धता: अठरा कॅरेट. सराफाचं नावही वेगळंच. कुणाच्या तरी खऱ्या अंगठीवरचा नंबर उचलून या बांगड्यांच्या फोटोंवर चिकटवला होता.

त्याने त्या दुकानाला फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडचा माणूस अतिशय गोड बोलत होता. नंबर हा डिझाइनचा असतो, सर, असं तो म्हणाला. अंगठीच्या डिझाइनचा नंबर बांगडीला कसा, असं विचारल्यावर तो म्हणाला, सर, ऑफर तीन तासांत संपतेय. फोन ठेवून काटेवाल्याने पान पुन्हा उघडलं तेव्हा घड्याळ परत बारा तासांवर गेलं होतं.

आत्याने तो बारा तासांचा आकडा वाचला. मग मोबाइल उचलून म्हणाली, "बरं झालं तू बघितलंस." तेवढ्याने तो सुखावला. पण तिने लगेच जोडलं, "आता दुसरीकडे बघते."

दुसरीकडे म्हणजे तीन आठवडे. काटेवाला दुकानातून दमून यायचा आणि आत्या दारातच मोबाइल घेऊन उभी. ही बघ. हिचा नंबर बघ. हिचं वजन बघ. एका दुकानाने खड्यांसकटचं एकूण वजन मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि निव्वळ सोन्याचं बारीक अक्षरांत. तिथे तो तासभर बोलला, जेवण गार होईपर्यंत. एका ठिकाणी परत घेण्याची हमी होती, पण पैसे नव्हे, त्याच दुकानाचं कुपन. तिथे तो दीड तास बोलला. बायकोने शेवटी सांगून टाकलं की बांगड्या आल्या तर आनंद आहे, नाही आल्या तरी आनंद आहे, पण ताटावर मोबाइल नको.

अखेर एक दुकान सापडलं ज्यात त्याला खोट काढता येईना. बऱ्याच गावांत शाखा असलेली जुनी पेढी होती, ऑनलाइनही विकायची. भाव त्या दिवसाचा, बावीस कॅरेटला बावीसचाच. निव्वळ वजन, घडणावळ, हॉलमार्कचा खर्च आणि कर सगळं वेगवेगळं मांडलेलं. त्याने मागितल्याबरोबर त्यांनी दोन्ही बांगड्यांच्या आतल्या बाजूचे फोटो पाठवले. नंबर दोन, दोन्ही वेगळे, आणि ॲपमध्ये दोन्हींपुढे 'बांगडी' आणि 'बावीस कॅरेट'.

तरी तो खूश नव्हता. आत्याने निवडलेल्या बांगड्या पीळ दिलेल्या होत्या, दोरासारख्या, आणि त्यांची घडणावळ शंभराला चौदा होती. त्याच वजनाच्या सपाट बांगड्यांची सहा. आणि नुसतं नाणं घेतलं तर अगदीच किरकोळ.

"बारा-बारा ग्रॅमच्या दोन," तो आत्यापुढे बसून म्हणाला. पाठकोरे कागद आता गठ्ठ्याने झाले होते. "आज घेऊन उद्या मोडल्यास, भाव तोच धरला, तरी घडणावळ गेली, कर गेला आणि रोख पैसे हवे असतील तर ते वर शंभराला तीन कापतात. चोवीस ग्रॅममधल्या जवळजवळ पाच ग्रॅमचे पैसे पाण्यात. सपाट घेतल्यास तर तीनाच्या आत. नाणं घेतलंस तर त्याहून कमी."

"नाणं घालू कुठे?" आत्याने विचारलं.

"घालायचं कशाला? कपाटात ठेवायचं."

आत्याने मोबाइल हातात घेतला. "मी त्यांना मोडायचं विचारलंय," ती म्हणाली. "ते म्हणाले काळजी करू नका."

त्याने तिच्या हातून मोबाइल घेतला आणि तिचं पेढीशी झालेलं लेखी बोलणं वाचलं. आत्याने विचारलं होतं, 'बांगड्या मोडायची वेळ आली तर काय करता?' पेढीचं उत्तर होतं, 'बांगडी मोडल्यास किंवा वाकल्यास आमच्या कोणत्याही शाखेत आजीवन मोफत दुरुस्ती करून मिळेल. काळजी करू नका.'

तो उभाच राहिला. "अगं, हे काय उत्तर आहे? तू विचारलंस मोडायचं आणि त्यांनी सांगितलं मोडल्यावर काय! तू विकायचं म्हणतेस, ते तुटायचं म्हणतात. आणि तू यावर विसंबून सगळी पुंजी घालणार होतीस? फुकट, आजीवन, काळजी करू नका. उद्या दवाखान्याची वेळ आली आणि तू बांगड्या घेऊन गेलीस तर ते तुला डाग लावून, सांधा जोडून परत देतील, पैसे नाही देणार."

"अरे, पण—"

"थांब. मी विचारतो." त्याने फोन लावला. कस्टमर केअरची मुलगी साध्या मराठीत बोलत होती आणि त्याच्या आवाजाने आधीच दबून गेली होती. त्याने तिला 'मोडणे' या शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगितले. सोन्याच्या पेढीत बसून मोडणे म्हणजे काय हे माहीत नसेल तर काय उपयोग, असंही सांगितलं. मुलगी म्हणाली, विकायच्या असतील तर मूळ बिल लागेल, त्या दिवसाच्या भावाने निव्वळ सोन्याचे पैसे, रोख हवे तर तीन टक्के कापून, बदल्यात दुसरा दागिना घेतला तर काही कापणार नाही, घडणावळ आणि कर मात्र कुठल्याही परिस्थितीत परत नाही. "हे लेखी पाठवा," काटेवाला म्हणाला. तिने बोलता बोलता पाठवलंदेखील. त्याने मांडलेल्या हिशोबाशी ते तंतोतंत जुळत होतं. तो विजयी मुद्रेने आत्याकडे वळला.

"बघितलंस? आता कळलं तुला काय विचारायचं होतं आणि त्यांनी काय सांगितलं?"

आत्याने चष्मा काढून पदराला पुसला. "मला जे विचारायचं होतं तेच मी विचारलं," ती म्हणाली. "आणि त्यांनी बरोबर सांगितलं. त्या पोरीला उगाच झापलंस."

"म्हणजे?"

"म्हणजे मोडतात का, तुटतात का, तेच मला हवं होतं. विकायचं मी विचारलंच नाही. तीन आठवडे तूच विकतोयस."

काटेवाला बसला. ओट्याशी बायकोचे हात थांबले होते.

"चाळीस वर्षं हात सोड्याच्या पाण्यात," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ती एवढं सलग बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. "धुलाईघरात मनगटात काही घालायचं नाही, नियमच होता. मशीनमध्ये अडकतं. सुरुवातीला घरी येऊन काचेच्या घालायची, सकाळी उतरवताना फुटायच्या. मग सोडून दिलं. आता मला कुणी उतरवायला सांगणारं नाही. अंगावर घालायच्यात, झोपतानाही, भांडी घासतानाही. म्हणून विचारलं, मोडल्या तर काय."

"आणि गुडघे?" तो कसाबसा म्हणाला.

"गुडघ्यांना माझं दवाखान्याचं कार्ड आहे. चाळीस वर्षांची नोकरी होती रे माझी. पुढच्या वर्षीचा नंबर लागलाय. तुला कुणी सांगितलं मी गुडघ्यांसाठी पैसे ठेवलेत?"

कुणीच सांगितलं नव्हतं. त्याने बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे," आणि परत ओट्याकडे वळली. त्याला स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटल्यामुळे आणखी चीड आली, कारण हे एक वाक्य तिने पहिल्याच रविवारी बोललं असतं तर त्याचे तीन आठवडे वाचले असते. पण पहिल्या रविवारी त्याने तिला बोलू दिलं होतं का, हेही त्याला आठवत होतं. पाठकोरे कागद गोळा करून त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"पीळवाल्याच?" त्याने विचारलं.

"पीळवाल्याच. चौदा तर चौदा. ज्याने वळल्या त्याला मिळू देत."

माप घ्यायला आत्याने अंगठा तळव्यात दुमडून हात पुढे केला. बोटांचे सांधे सुजून जाड झाले होते, त्यामुळे मनगटाच्या मानाने माप मोठं धरावं लागलं. आत्याने दोनदा तपासून पैसे भरले. काटेवाल्याने त्याआधी, पेढीने पाठवलेल्या त्या मापाच्या जोडीचे दोन्ही नंबर आणखी एकदा ॲपमध्ये टाकून बघितले, ते काही त्याला सोडवेना.

पार्सल येण्याच्या दिवशी त्याने सकाळी निघताना तीनदा बजावलं. घ्यायचं, सही करायची, उघडायचं नाही. तो संध्याकाळी दुकानातला मिलिग्रॅमचा काटा घरी आणेल, खोका उघडताना बायको व्हिडिओ घेईल, आधी बिल, मग वजन, मग भिंगातून नंबर. बांगडीला बारीक सीलचा टॅग असतो, तो कापला की परत घेत नाहीत. सात दिवसांची मुदत आहे आणि तेवढीच आपल्या हातात आहे. आत्या हो म्हणाली होती.

संध्याकाळी तो काटा दोन्ही हातांत धरून, बसमध्ये कुणाचा धक्का लागू न देता घरी आला. आत्या खिडकीशी बसून भाजी निवडत होती. दोन्ही मनगटांत एकेक बांगडी.

त्याने काटा टेबलावर ठेवला. "टॅग?"

"कापला."

"मी सकाळी काय सांगून गेलो होतो?"

"सांगून गेलास," आत्या म्हणाली.

"काढ त्या. निदान वजन तरी करू."

"निघत नाहीत. साबण लावून घातल्या. सांध्यावरून आत गेल्या, आता बाहेर येत नाहीत. बघ तूच."

त्याने ओढून बघितलं. खरंच येत नव्हत्या. माप मोठं घेऊनही पुरेसं मोठं झालं नव्हतं. साबण, तेल, पुन्हा साबण. आत्याने दोनदा ओठ दाबले तेव्हा त्याने सोडून दिलं. मग तो बोलला, बराच वेळ बोलला. बिल, मुदत, टॅग, व्हिडिओ, जगातल्या झाडून सगळ्या भामट्यांची नावं. इतकं सगळं तपासून शेवटच्या पायरीवर असं करायचं, याला काय म्हणायचं, असं त्याने बायकोलाही विचारलं. बायकोने भिंग आणून त्याच्या हातात दिलं.

तो आत्याच्या पुढ्यात खाली बसला. तिचा हात दिव्याकडे वळवून बांगडी फिरवत फिरवत आतला नंबर वर आणायचा, एवढंच आता शक्य होतं. हात त्याच्या तळव्यात होता. तळवा दगडासारखा कडक, बोटांच्या टोकांवरच्या रेषा सोड्याने पार पुसून गेलेल्या. याच हातांच्या पगारातून त्याच्या बापाचं आजारपण झालं, याच पगारातून त्याची पहिली पितळी वजनं आली, हे त्याला माहीत होतं. माहीत होतं, पण तो हात त्याने असा धरून कधी बघितला नव्हता. भिंगात अक्षरं धूसर झाली तेव्हा त्याने भिंग पुसलं. भिंग स्वच्छच होतं.

"काय झालं? चुकलाय का नंबर?" आत्याने विचारलं.

"थांब जरा. वाचू दे."

त्याने सहाही अक्षरं मोठ्याने वाचली, बायकोने ॲपमध्ये टाकली. बांगडी, बावीस कॅरेट. मग दुसरा हात, दुसरा नंबर. तोही बरोबर. काटा टेबलावर तसाच होता, झाकणही न उघडलेला.

"आणि वजन?" आत्या म्हणाली. "वजन बरोबर आहे ना रे?"

काट्यावर ठेवल्याशिवाय कुठल्याही वस्तूच्या वजनाबद्दल त्याने उभ्या आयुष्यात तोंड उघडलं नव्हतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.